हिमोग्लोबिनचा ग्राफ कसा वाचायचा: थॅलेसेमिया मायनर, सिकलसेल आणि दोन्ही एकाच मुलात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यातले निम्मे प्रश्न रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या आईवडिलांचे आहेत आणि निम्मे लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचे. गंमत म्हणजे दोघांची गल्लत एकाच ठिकाणी होते. रक्तात ए आणि एस अशी दोन्ही हिमोग्लोबिनं दिसली, की सगळे "म्हणजे वाहक" म्हणून मोकळे होतात. म्हणून सगळ्यात जास्त जागा त्याच मुद्द्याला दिली आहे.

इलेक्ट्रोफोरेसिस आणि एचपीएलसी या एकच टेस्टची दोन नावं आहेत का?

नाही. दोन्हींत प्रश्न एकच विचारलेला असतो, रक्तात कुठकुठली हिमोग्लोबिनं आहेत हा. उत्तर काढायची रीत मात्र वेगळी आहे.

इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये तांबड्या पेशी फोडून त्यातला थेंब जेलवर ठेवतात आणि वीज सोडतात. नेहमीच्या अल्कलाइन पद्धतीत, म्हणजे पीएच ८.६ च्या आसपास, सगळ्या हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, त्यामुळे ती धन टोकाकडे निघतात. ए सगळ्यांत पुढे जातं, त्याच्या मागे एफ, म्हणजे गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन, त्याच्या मागे एस आणि सुरुवातीच्या रेषेजवळ रेंगाळतं ते ए२. एस मागे का पडतं? बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड असायला हवं, तिथे व्हॅलिन बसलेलं असतं. ग्लुटामिक ॲसिडवर ऋण भार असतो, व्हॅलिनवर काहीच नसतो. एका हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्या दोन, म्हणजे दोन ऋण भार कमी झाले आणि ओढ तेवढी घटली. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा भार वेगळा असतो हे लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं, तेही इलेक्ट्रोफोरेसिस वापरूनच.

एचपीएलसीमध्ये जेल नसतं, एक बारीक कॉलम असतो. आतल्या भरणावर ऋण भार असतो, तो हिमोग्लोबिनला धरून ठेवतो. मग बफरमधलं मीठ हळूहळू वाढवत नेतात. ज्याची पकड सैल ते आधी सुटतं. बाहेर पडणारं प्रत्येक हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं आणि कागदावर एक शिखर उमटतं, त्यालाच आम्ही पीक म्हणतो. क्रम असा: एफ, ए, ए२, डी, एस, सी. जेलवर एसच्या मागे राहणारं ए२ इथे एसच्या आधी बाहेर येतं. त्यामुळे दोन्ही पद्धतींचे क्रम एकमेकांवर आरशासारखे बसवायला जाऊ नका. नवी मुलं तिथेच फसतात.

ए२ मोजायचं असेल तर एचपीएलसी किंवा कॅपिलरी पद्धतच हवी. जेलवरचा ए२ चा पट्टा इतका फिकट असतो की साडेतीन आणि साडेपाच टक्क्यांतला फरक नजरेने सांगणं म्हणजे अंदाजपंचे काम.

नॉर्मल ग्राफ कसा असतो?

मोठ्या माणसात ए चा एक उंच डोंगर, त्यानंतर ए२ चं छोटं टेकाड, साधारण २ ते ३.३ टक्के. एफ एक टक्क्याच्या आत. ए च्या आधी P2 आणि P3 नावाचे दोन लहान पीक छापलेले दिसतात. P2 म्हणजे साखर चिकटलेलं ए आणि P3 मध्ये मुख्यतः जुनं झालेलं ए. सॅम्पल बरेच दिवस पडून राहिलं की P3 फुगतं. म्हणून मी ग्राफ हातात आला की आधी तिकडे बघते आणि नंतर बाकीकडे.

थॅलेसेमिया मायनरमध्ये ए२ का वाढतं? नवीन काही हिमोग्लोबिन तयार होतं का?

नवीन काहीच तयार होत नाही. हिमोग्लोबिन ए मध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. ए२ मध्ये दोन अल्फा आणि दोन डेल्टा. बीटा साखळीचे जीन दोन, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. मायनरमध्ये त्यांतला एक अधू असतो, त्यामुळे बीटा कमी पडते. अल्फा साखळ्या जोडीदार शोधत असतात, त्यांना डेल्टा जास्त प्रमाणात मिळते. ए घटतं आणि ए२ चा वाटा वर सरकतो, बहुतेकांत ४ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान. काहींत एफही थोडं वाढलेलं दिसतं.

मायनरच्या जेलवर पट्टे तेच असतात आणि जागाही त्याच असतात. बदललेलं असतं फक्त प्रमाण. हे लक्षात ठेवा, पुढच्या केसमध्ये कामाला येईल.

ए२ ३.६ आलं आहे. मायनर आहे की नाही?

नुसत्या या आकड्यावर मी उत्तर देणार नाही. सीबीसी आणा. मायनरमध्ये पेशी लहान असतात आणि संख्येने भरपूर असतात. एमसीव्ही, म्हणजे पेशीचा सरासरी आकार, ६५ आणि तांबड्या पेशी ५५-६० लाख असतील, तर ३.६ कडे संशयाने बघायला हवं. एमसीव्ही ८८ असेल, तर कारण बहुधा दुसरं असतं. बी१२ च्या कमतरतेतही ए२ थोडं वर जातं.

उलटंही घडतं. लोह फार कमी असेल तर ए२ खाली येतं आणि मायनर ३.४ किंवा ३.५ वर लपून बसतो. फेरिटिन बघा, लोह भरून काढा आणि दोन-तीन महिन्यांनी ए२ पुन्हा मोजा. बाई गरोदर असेल तर मात्र एवढं थांबू नका. त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी करून घ्या. त्याचा सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही स्वच्छ असतील तर घाई उरत नाही.

पेशी लहान, लोह ठीक आणि ए२ अगदी नॉर्मल असेल, तर अल्फा थॅलेसेमियाचा विचार करा. त्यात अल्फाच कमी असते, त्यामुळे ए, ए२ आणि एफ तिघांनाही सारखी झळ बसते आणि ग्राफ निर्दोष दिसतो. त्याचा उलगडा डीएनए तपासणीतच होतो.

सिकलच्या वाहकात ए आणि एस अर्धं अर्धं का नसतं?

एक जीन ए चा आणि एक एस चा, म्हणजे पन्नास-पन्नास यायला हवं असं वाटतं. प्रत्यक्षात ए ५५ ते ६० टक्के आणि एस ३५ ते ४० टक्के येतं. अल्फा साखळीला जोडी जुळवताना नेहमीची बीटा जास्त मानवते. एस ची बीटा एका ऋण भाराने गरीब झालेली, ती रांगेत थोडी मागे राहते. म्हणून खऱ्या वाहकात ए नेहमी एसपेक्षा जास्त असतं. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

वाहकाला सोबत अल्फा थॅलेसेमिया असेल, तर अल्फाचीच टंचाई असते. मग मागे राहणाऱ्या एस ला आणखी कमी मिळतं आणि ते ३० च्या आसपास किंवा त्याखालीही येतं. लोहाच्या कमतरतेतही ते खाली सरकतं. थोडक्यात, पेशी लहान असून एस कमी असेल तर अल्फा किंवा लोह. पेशी लहान असून एस जास्त असेल तर गोष्ट निराळी आहे. ती खालच्या केसमध्ये.

आमच्या मुलीच्या रिपोर्टवर "ए आणि एस, सिकलसेल वाहक" असं लिहिलं होतं. मग तिचे हातपाय का दुखतात?

हा प्रश्न घेऊन आलेल्या आईची कागदपत्रं मी टेबलावर पसरून बघितली. ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही.

मुलगी चार वर्षांची. हिमोग्लोबिन ८.६, एमसीव्ही ६६, प्लीहा हाताला लागत होती. वर्षभरात दोनदा बोटं आणि पावलं सुजून दुखली होती. जुना रिपोर्ट एका लॅबचा. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह, जेलवर ए च्या जागी एक पट्टा, एस च्या जागी एक पट्टा. खाली निष्कर्ष: वाहक. लोहाचं औषध सहा महिने दिलेलं, फरक शून्य.

माझा पहिला संशय सीबीसीनेच जागा केला. सिकलच्या वाहकाचं हिमोग्लोबिन ८.६ होत नाही आणि प्लीहाही वाढत नाही. वाहक असणं हे या लक्षणांचं कारण होऊच शकत नाही. मग एकतर दुसरा आजार सोबत आहे, किंवा ती वाहक नाहीच.

नवं सॅम्पल घेतलं. त्याआधी एक प्रश्न विचारला, तो कधीच चुकवायचा नसतो: रक्त चढवलं होतं का? कधीच नाही, असं आई म्हणाली. एचपीएलसीवर आकडे आले ते असे: एस ६६, ए १७, एफ ९, ए२ ५.८. उरलेले दोनेक टक्के ए च्या आधीच्या बारीकसारीक पीकमध्ये.

आता तुलना करा. जेलवर दिसलेलं खोटं नव्हतं. ए होतं आणि एस ही होतं. पण ए एसपेक्षा कमी होतं, आणि तेही एक चतुर्थांशाइतकं. वाहकात असं होत नाही.

हे का घडतं ते जीनच्या जोडीत बघा. मुलीला एका बाजूने एस चा जीन मिळाला, तो पूर्ण ताकदीने काम करतो. दुसऱ्या बाजूने ए चा जीन मिळायचा, पण आला तो थॅलेसेमियाचा अधू जीन. एस ची जागा एका गुणसूत्रावर घेतलेली असल्यामुळे थॅलेसेमियाचा घाव दुसऱ्यावर, म्हणजे ए वरच बसतो. म्हणून एस वर येतं, ए गळतं, पेशी लहान होतात आणि ए२ चढतं. याला एस-बीटा थॅलेसेमिया म्हणतात, आणि थोडं का होईना ए बनत असल्यामुळे "बीटा प्लस" प्रकारचा. हा वाहक नाही, सिकलसेल आजारच आहे.

मग आईवडिलांचं रक्त मागवलं. वडील: एस ३६, ए ५८, एमसीव्ही ८४. सरळ वाहक. आई: हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही ६५, तांबड्या पेशी ५७ लाख, ए२ ५.४, एस अजिबात नाही. थॅलेसेमिया मायनर. आईला तोवर कोणीच काही सांगितलं नव्हतं, कारण "सिकल" शोधायचं म्हणून तपासणी झाली ती फक्त सोल्युबिलिटीची. ती टेस्ट एस आहे की नाही एवढंच सांगते, थॅलेसेमिया तिला दिसत नाही. ती वाहक आणि रुग्ण यांतही फरक करत नाही, दोघांत पॉझिटिव्हच येते.

या जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की मूल एस-बीटा थॅलेसेमियाचं असेल. चारात एक सिकल वाहक, चारात एक मायनर आणि चारात एक पूर्ण मोकळं.

त्या केसमध्ये ए२ वाढलं म्हणूनच निदान झालं ना?

नाही, आणि हे मुद्दाम सांगते. एस असलेल्या रक्तात एचपीएलसीचं ए२ विश्वासाचं नसतं. एस ला साखर वगैरे चिकटून त्याची थोडी बदललेली रूपं तयार होतात, ती नेमकी ए२ च्या वेळेला कॉलममधून बाहेर पडतात. यंत्र सगळं एकत्र मोजतं आणि "ए२ ४.१" असं छापतं. साध्या सिकल वाहकात, पूर्ण सिकलसेल आजारातही, चारच्या वरचं ए२ रोज दिसतं. ते बघून "सोबत थॅलेसेमिया" असं लिहिलं, तर निम्म्या वाहकांना खोटा आजार चिकटवाल. कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये ही गल्लत बरीच टळते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ए आणि एस मध्ये कोण जास्त ते बघायचं, मग एमसीव्ही, मग आईवडील. ए२ ला साक्षीदार म्हणून बोलवा, न्यायाधीश करू नका.

ए अजिबात नसेल तर? मग सरळ "एसएस" लिहायचं का?

इथे भल्याभल्यांना थांबावं लागतं. आईकडून एस आणि वडिलांकडूनही एस, तो एसएस. एका बाजूने एस आणि दुसऱ्या बाजूने अजिबात बीटा न बनवणारा थॅलेसेमियाचा जीन, तो एस-बीटा शून्य. दोन्हींत ए नाही. दोन्हींत एस बहुतेक ७५-८० च्या वर आणि एफ वाढलेलं. ग्राफ शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत.

फरक सीबीसीत असतो. एसएसमध्ये एमसीव्ही सहसा नॉर्मल, एस-बीटा शून्यमध्ये ६५-७५ च्या घरात. पण एसएससोबत अल्फा थॅलेसेमिया असेल, तर तिथेही पेशी लहान होतात आणि ए२ ही वर जातं. म्हणजे हुबेहूब नक्कल. अशा वेळी आईवडिलांची तपासणी करा. दोघांतही एस दिसला तर एसएस. एकातच एस आणि दुसऱ्यात ए२ वाढलेलं असेल तर एस-बीटा शून्य. आईवडील उपलब्ध नसतील तर डीएनए.

आणखी एक सापळा आहे. एसएसच्या ग्राफमध्ये ए च्या जागी, म्हणजे कागदावर A0 छापतात तिथे, दोनेक टक्क्यांचा बारका पीक कधी कधी दिसतो. तोही एस चंच बदललेलं रूप असू शकतं. त्याला ए समजून "बीटा प्लस" म्हणून मोकळे होऊ नका. शंका आली तर दुसऱ्या पद्धतीवर बघा, खरं ए असेल तर तिथेही दिसेल.

एस च्या जागी पीक आला म्हणजे एस नक्की ना?

एस ची खिडकी ही फक्त एक वेळ आहे. त्या वेळात जे बाहेर पडेल त्याला यंत्र एस म्हणतं. अल्कलाइन जेलवर एस आणि डी-पंजाब एकाच जागी थांबतात. एस-डी असलेला रुग्ण तिथे चक्क एसएससारखा एक जाड पट्टा दाखवतो. एचपीएलसीवर डी आधी बाहेर पडतं, दोन वेगळे पीक दिसतात आणि घोटाळा सुटतो. ॲसिड जेलवर, पीएच ६ च्या सुमारास, एस वेगळं होतं आणि डी ए बरोबर जातं. नियम सोपा: एस पहिल्यांदा सापडला की दुसऱ्या तत्त्वावरची एक टेस्ट करूनच सही करायची. सोल्युबिलिटी त्यासाठी चालते, मूल अगदी लहान नसेल आणि एस चं प्रमाण पुरेसं असेल तर.

तसंच ए२ च्या खिडकीत २८ टक्के छापून आलं, तर ते ए२ नव्हे. ए२ एवढं वाढत नाही. ते बहुधा हिमोग्लोबिन ई असतं, त्याच वेळी बाहेर पडणारं.

रक्त चढवल्यावर किती दिवसांनी तपासावं?

तीन ते चार महिन्यांनी. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तोवर दात्याचं ए ग्राफमध्ये उभं असतं. एसएसच्या मुलाला दोन पिशव्या दिल्या की एस ५५ आणि ए ३८ येईल, ग्राफ थेट बीटा प्लससारखा. आणखी रक्त दिलं की वाहकासारखाही. दाताच वाहक निघाला तर धड माणसात पाच-दहा टक्के एस उगवतं. वारंवार रक्त लागणाऱ्या मुलाचं ग्राफवरून निदान करायची वाट बघत बसू नका. आईवडिलांचं रक्त घ्या, ते कुणी चढवलेलं नसतं.

बाळाची तपासणी जन्मतःच करता येते का?

सिकलसाठी येते. बाळात एफ ६० ते ८० टक्के असतं, ए आणि एस थोडे थोडे, पण एचपीएलसीला ते दिसतात. एफ, ए आणि एस दिसले आणि ए एसपेक्षा जास्त असेल तर वाहक. एस ए पेक्षा जास्त असेल तर एस-बीटा प्लस, नियम तोच. फक्त एफ आणि एस दिसले तर एसएस किंवा एस-बीटा शून्य, आणि बाळाला आजाराचं समजूनच पाठपुरावा सुरू करायचा. त्या वयात सोल्युबिलिटी मात्र करू नका. एफ इतकं जास्त आणि एस इतकं कमी असतं, की ती खोटी निगेटिव्ह येते.

मायनर जन्मतः कळत नाही. डेल्टा साखळी तेव्हा जेमतेम सुरू झालेली असते, ए२ सगळ्याच बाळांत नगण्य. त्यासाठी मूल एक-दोन वर्षांचं झाल्यावर पुन्हा बोलवा. वर सांगितलेल्या मुलीला नंतर भाऊ झाला. जन्माच्या वेळी त्याचा ग्राफ एफ आणि ए असा आला, एस नाही. सिकलचा प्रश्न मिटला. आईकडून मायनर आला आहे का, हे बघायची तारीख त्याच्या फाइलवर लिहून ठेवली आहे.